राजगडाच्या माचीला यंदा तडा नको

सोन्या,

काल फोनवर म्हणालास ना की सुट्टी लागली, उद्यापासून किल्ला सुरू, तेव्हापासून माझं इथे ट्रेनिंगमध्ये लक्षच नाहीये. मी धनत्रयोदशीला पोचते, तोवर तू आणि छकुली मिळून राजगड उभा करा, फक्त गेल्या वर्षीसारखं नको व्हायला. आठवतंय ना, संजीवनी माची दोन दिवसांत तडकली आणि पाडव्याला तर अख्खा बुरूज खाली आला, किती रडला होतात दोघं. ती चूक माझी होती रे, मी शेतातली काळी माती आणली. ती ओली असताना फुगते आणि वाळली की आक्रसते, मग भेगा पडणारच. यंदा आबांना सांगून लाल माती आणा, चाळा, आणि त्यात थोडी वाळू घाला.

आधी दगड-विटा रचा. मधे उंच बालेकिल्ला, उत्तरेला पद्मावती, पूर्वेला सुवेळा आणि नैऋत्येला लांबलचक संजीवनी. बालेकिल्ल्याचा माथा आधीच सपाट ठेवा, महाराजांचं सिंहासन तिथे बसायचंय, नंतर जागा करायला गेलं की कडा ढासळतो. मग जुनं गोणपाट पातळ चिखलात बुडवून दगडांवर पसरा, खाचांमधे बोटांनी नीट दाबा, म्हणजे कडे खरे वाटतात. त्यावर मातीचा पातळ थर द्या, तो सुकत आला की दुसरा. एकदम जाड थापलीत तर वरून वाळेल, आतून ओलीच राहील आणि घसरेल. संजीवनीला दुहेरी तटबंदी असते, तेव्हा दोन भिंती शेजारी शेजारी करा आणि मधे मावळा उभा राहील एवढी वाट सोडा, हे छकुलीला करू दे, तिची बोटं बारीक आहेत.

हिरवळीसाठी उतारावर मोहरी नको, ती गडगडत खाली येते. अळीव अर्धा तास भिजवा, हाताला बुळबुळीत लागले की उतारावर लावा, चिकटून बसतात. वसुबारसेच्या दोन दिवस आधी लावा म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत छान हिरवं होतं. पायऱ्यांवर आणि वाटेवर मात्र टाकू नका. पाणी मगने नाही हं, स्प्रेनेच, नाहीतर बिया आणि माती दोन्ही वाहून जातात.

मावळे मी आल्यावरच मांडू. कच्च्या मातीचे आहेत, पाणी लागलं की रंग उतरतो, गेल्या वेळी त्या भालेवाल्याचा फेटा असाच गेला. पाणी मारून झालं की प्रत्येकाच्या पायाखाली कौलाचा छोटा तुकडा ठेवू. महाराजांची मूर्ती माळ्यावर निळ्या डब्यात कापसात गुंडाळलेली आहे, ती आबांनाच काढू दे, तू स्टुलावर चढू नकोस.

आणि रोज संध्याकाळी एक फोटो पाठव.

तुझी आई