गोलपोस्ट मागून कशानं धरलाय, ते बघा

संपादक महोदय,

गेली बावीस वर्षं मी मिरजेजवळ फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवतो. ग्रिल, गेट, पत्र्याचे शेड ही रोजची कामं आणि वर्षाकाठी चार-दोन शाळांचे गोलपोस्ट. गेल्या फेब्रुवारीत एका शाळेनं हँडबॉलचा गोल टेम्पोत घालून माझ्याकडं पाठवला. सोबत आलेले सर म्हणाले, "मिस्त्री, एवढा कोपऱ्याचा जोड मारून द्या, परवा मॅच आहे." मोडला कसा, असं विचारल्यावर थोडं थांबून त्यांनी सांगितलं. मधल्या सुट्टीत सहावीतला मुलगा वरच्या आडव्या पाइपला लोंबकळून झोके घेत होता. गोल पुढं कलंडला, मुलगा खाली आणि पाइप त्याच्या मनगटावर. हाड मोडलं. पाइप हातभर अलीकडं पडला असता, तर छातीवरच बसला असता.

तो गोल मी बनवलेला नव्हता, पण तसेच गोल मी बनवले आहेत. म्हणून जोड मारायच्या आधी मी हिशेब केला. तो शाळांनी आणि पालकांनी वाचावा, एवढ्यासाठी हे पत्र.

हा गोल ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच. पुढची चौकट दोन इंची बी क्लास पाइपची, मीटरला पाच किलो. दोन खांब आणि वरचा आडवा मिळून सात मीटर पाइप, म्हणजे ३५ किलो. मागचा सांगाडा एक इंची पाइपचा: जमिनीवर मीटरभर मागं जाणारे दोन, त्यांना जोडणारा मागचा आडवा आणि वरून तिरके आलेले दोन. सगळं मिळून साधारण २३ किलो. गोल उचलायला चार माणसं लागतात, म्हणून सगळ्यांना वाटतं, एवढा जड गोल कशाला पडतोय? इथंच चूक होते. गोल पुढं पडतो तो पुढच्या खांबांच्या पायावर फिरून. पुढच्या चौकटीचं ३५ किलो वजन त्याच रेषेवर उभं असतं, त्यामुळं ते गोलाला मागं धरून ठेवायला काहीच कामाचं नाही. धरून ठेवतो तो फक्त मागचा २३ किलोंचा सांगाडा. त्याचं वजन सरासरीनं खांबांपासून ६६ सेंटीमीटर मागं पडतं आणि मुलगा लोंबकळतो २ मीटर उंचीवर, म्हणजे तिप्पट अंतरावर. तेव्हा वर पुढच्या बाजूला २३ किलोंचा तिसरा हिस्सा, पावणेआठ किलोंचा ओढा बसला की मागची बाजू जमीन सोडते.

कागदावरचा आकडा मलाच खरा वाटेना. भंगार तोलायचा हूकचा काटा आडव्या पाइपच्या मधोमध बांधला, समोर ट्रॉलीवर उभं राहून सरळ आडवा ओढला. मागं दोन कामगार गोल धरायला तयार ठेवले होते. काट्यावर आठ किलो दिसले आणि मागचा पाइप उचलला.

३५ किलोंचं पोरगं नुसतं सरळ लोंबकळलं, तर त्याचं वजन खांबांतून जमिनीत जातं आणि गोल हलत नाही. म्हणून मोठ्यांनी हलवून पाहिलं की तो पक्का वाटतो. पण त्याच पोरानं पाय पुढं फेकून झोका घेतला की पुढं ओढणारा जोर सहज दहा-बारा किलोंवर जातो. एकदा गोल कलला की पुढच्या चौकटीचं वजनही पडण्याच्या बाजूला जातं. मग तो थांबत नाही. पुढचा पाइप जितका जड, तितका मार मोठा.

मग तो गोल आधी पडला कसा नाही? शाळेचे शिपाई मामा दुसऱ्या दिवशी गोल न्यायला आले, त्यांच्याकडून उलगडा झाला. मागच्या पाइपवर चार खुंट्या होत्या, फूटभर लांबीच्या सरळ सळ्या. २६ जानेवारीच्या ध्वजवंदनाला मैदान मोकळं करायचं म्हणून त्या उपटल्या, गोल बाजूला ओढला. परत जागेवर आणून मामांनी खुंट्या ठोकल्या, पण त्या बसेनात. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि खुंटीला घट्ट आवळते. जानेवारी-फेब्रुवारीत तीच माती आकसून भेगाळते. पावसाळ्यात पहारीनंही न निघणारी खुंटी तेव्हा दोन बोटांनी वर येते. मामांनी सरांना सांगितलं होतं. लिहून मात्र कुठं ठेवलं नव्हतं आणि लिहायला जागाही नव्हती. जडवस्तूंच्या नोंदवहीत 'गोलपोस्ट २ नग' एवढंच होतं. नग जागेवर आहेत की नाहीत, हे त्या वहीवरून कळतं. ते जमिनीला धरून आहेत की नाहीत, हे कळत नाही.

दुसरी गोष्ट जोडाची. तुटलेला कोपरा तारेच्या ब्रशनं घासला, तर रंगाच्या खाली दोन जुन्या वेल्डिंगच्या रेघा निघाल्या, दोन वेगवेगळ्या हातांच्या. म्हणजे तोच जोड तिसऱ्यांदा तुटला होता. तोच जोड पुन्हा पुन्हा तुटतो तेव्हा दोष बहुतेक वेल्डिंगचा नसतो, त्या जागेवर नको तो ताण येत असतो. इथं मुलं गोल हलवताना दरवेळी त्याच कोपऱ्याला धरून फरफटत नेत होती. पहिल्या दोन वेळा कुणी तारीख आणि जागा लिहून ठेवली असती, तर मी जोडाच्या आधी चाकांची गाडी सुचवली असती. आता तीच केली आहे. चाकं गोलाला कायमची जोडलेली नाहीत, हलवण्यापुरती लावायची आणि काढून ठेवायची.

जोड बघायला फार शिकलेला माणूस लागत नाही. रंगावर केसासारखी तांबूस रेघ दिसली की खाली तडा आहे असं समजावं, कारण रंग फाटल्याशिवाय गंज बाहेर येत नाही. खांबाच्या बुडाशी, जमिनीपासून बोटभर वर आणि खाली, छोट्या हातोडीनं टिचकावं. चांगला पाइप खणखणीत वाजतो, आतून खाल्लेला बद्द वाजतो. पाणी आत साचून पाइप आतून सडतो, त्यामुळं नव्या रंगाखालीही भोक असू शकतं. आणि जाळी अडकवायचे उघडे लोखंडी हूक काढून टाका. उडी मारून खाली येताना बोट, विशेषतः बोटातली अंगठी, त्यात अडकते आणि बोटच जातं.

आता धरून ठेवायचं कसं. युरोपात हँडबॉलच्या गोलासाठी ईएन ७४९ हा दर्जा आहे. त्यात आडव्या पाइपच्या मध्यावर ११०० न्यूटन, म्हणजे साधारण ११२ किलोंचा आडवा ओढा देऊन बघतात. तेवढा ओढा बसला तरी गोल कलंडता कामा नये. आमचा गोल आठ किलोंना उचलला. मागच्या पाइपवर वाळूनं भरलेली ५० किलोंची पाच पोती आडवी टाकून बांधली की हिशेब सुधारतो. २५० किलो मीटरभर मागं बसतात आणि वर २ मीटरवर त्याचा निम्मा, १२५ किलोंचा आधार मिळतो. पण खताची प्लास्टिकची पोती उन्हात काही महिन्यांत विरतात आणि वाळू सांडते. तात्पुरत्या सामन्याला ठीक, कायमचा उपाय नाही. पोती बांधलेली हवीत, नुसती टेकवलेली नकोत. नाहीतर पोरं ती बसायला घेऊन जातात.

कायमच्या जागेसाठी मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली दीड फूट बाय दीड फूट आणि दोन फूट खोल खड्डा घेऊन, तळाला मुरूम चोपून, काँक्रीट भरावं आणि त्यात वाकडा अँकर बोल्ट बसवावा. एका खड्ड्यातलं काँक्रीटच ३०० किलोंच्या आसपास भरतं. उन्हाळ्यात मातीनं साथ सोडली तरी काँक्रीट स्वतःच्या वजनावर गोल धरतं. बोल्टचं डोकं जमिनीच्या थोडं खाली ठेवून झाकण लावावं, म्हणजे गोल नसताना कुणी ठेचकाळणार नाही. जो गोल वापरात नाही, तो तोंडावर पालथा पाडून साखळीनं बांधावा. झाडाला टेकवून ठेवलेला गोल मधल्या सुट्टीत सगळ्यात धोक्याचा.

बोल्ट बसवायला त्या शाळेत गेलो, तेव्हा सरांनी हॉलही दाखवला. गाव कृष्णाकाठचं. २०१९ च्या महापुरात खोलीत पाणी होतं, तेव्हाच्या मॅट्स अजून वापरात. कव्हर वरून कोरडं, पण मी हूकच्या काट्यावर दोन मॅट्स तोलल्या, तर पुरात भिजलेली नव्यापेक्षा किती तरी जड. आतला फोम ओल धरून होता. मूठ दाबली तर थेट फरशी लागली आणि दाबलेला खळगा भरून यायला वेळ लागला. अशी मॅट उडीखाली ठेवणं म्हणजे उघड्या फरशीवर उतरणं. उडी मारून ओलांडायच्या व्हॉल्टिंग बॉक्सचे कप्पे एकावर एक चढवून वरच्या कप्प्याचे समोरासमोरचे दोन कोपरे धरून पीळ दिला, तर बॉक्स डुलला. प्लाय फुगून कोपऱ्यातले लाकडी खुंट सैल झाले होते. मी सुताराला बोलवा म्हटलं आणि तोवर बॉक्सवर लाल फडकं बांधायला लावलं.

सरांनी जडवस्तूंच्या वहीलाच एक पान जोडलं आहे. प्रत्येक वस्तूवर रंगानं नंबर. पानावर तारीख, काय दिसलं, काय केलं, कुणी केलं आणि सही. जागेवरून हलवलं तर तेही लिहायचं आणि परत आवळल्याशिवाय खेळ नाही. रोज तासाआधी नजर, महिन्याला नट आणि जोड, आणि वर्षातून तीनदा नीट तपासणी: शाळा उघडण्याआधी, दिवाळीच्या सुट्टीत काळी माती वाळायला लागते तेव्हा, आणि २६ जानेवारीनंतर. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ते पान ठेवावं. पालकांनी ते मागावं, हेडसरांना अवघड वाटलं तरी.

माझ्या धंद्याबद्दलही सांगतो. शाळा दर किलोवर ठरवते, घासाघीस होते आणि आम्ही वजन कमी करतो ते मागच्या पाइपात, कारण ते कुणाला दिसत नाही. मीही केलं आहे. पुढच्या कोटेशनपासून मागचे दोन काँक्रीटचे ठोकळे आणि अँकर बोल्ट धरल्याशिवाय मी गोल देणार नाही. पूर्वी दिलेल्या शाळांना मी एकेक करून फोन लावतो आहे. शाळांनीही मागणीपत्रात हे लिहावं.

त्या शाळेत परवा गेलो होतो. पानावर मामांच्या अक्षरात शेवटची नोंद होती: १५ ऑगस्ट, गोल नं. १ ध्वजवंदनासाठी हलवला. खाली त्याच दिवसाची दुसरी ओळ: परत ठेवला, सगळे नट आवळले, सही.

आपला,
एक फॅब्रिकेशन व्यावसायिक,
मिरज तालुका, जि. सांगली