चिंचोके कमी पडले

खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा
१० जून २०२३

प्रिय निखिल, अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगितलं असतं पण तू ऑफिसच्या गडबडीत अर्धं ऐकतोस आणि हे अर्धं ऐकण्यासारखं नाही, म्हणून सगळं लिहून पाठवतेय. आधी महत्त्वाचं सांगते. ऑगस्टचं तिकीट काढू नकोस. सुट्टीचा अर्ज दिला असशील तर मागं घे. गणपती २० ऑगस्टच्या आसपास असतील असं मी तुला सांगितलं होतं ते चुकलं, गणपती १९ सप्टेंबरला आहेत. चूक माझी आहे, आणि ती आज्जीनं काढली.

तुला चिंचोक्यांची बरणी माहीत आहे, व्हिडिओ कॉलवर दाखवली होती. गेल्या वर्षी तू टोरांटोला गेलास ऋषिपंचमीला, १ सप्टेंबरला. त्या रात्री आज्जी जेवली नाही, नुसती सोप्यात बसून राहिली, आणि मग मला म्हणाली की पोरगं पुढच्या गणपतीला येतो म्हणालंय तर किती दिवस होतात ते सांग, मी मोजून ठेवते. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर तेव्हा बाजारात आलेलंच नव्हतं. मी अंदाज केला. २०२१ ला गणपती १० सप्टेंबरला होते, २०२२ ला ३१ ऑगस्टला, म्हणजे दहा-अकरा दिवस अलीकडं आले, तर २०२३ ला अजून अकरा दिवस अलीकडं येणार, म्हणजे २० ऑगस्ट. असा हिशोब करून माळ्यावरच्या पिशवीतले चिंचोके पुसून ३५४ मोजून बरणीत भरले. दोनदा मोजले होते रे, मोजण्यात चूक नव्हती.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दिवा लावला की एक चिंचोका बरणीतून काढायचा आणि देवघराखालच्या डब्यात टाकायचा. एक दिवस चुकला नाही. मार्चमध्ये ताप होता तेव्हा मला काढायला लावला, पण आधी तिच्या हातात द्यायचा, मग डब्यात. अधूनमधून बरणी उजेडाकडं धरून बघायची, किती खाली गेली ते.

आता परवाची गोष्ट. गुरुवारी ८ तारखेला मृग निघाला. पाऊस नाही. धूळवाफ पेरणी करून पप्पा रोज आभाळाकडं बघायलेत. टीव्हीवर सांगितलं की पाऊस त्याच दिवशी केरळात पोचला, म्हणजे आपल्याकडं यायला अजून वेळच. आज्जी दारात बसलेली, शेजारच्या कानडी काकूंबरोबर पावसाचंच चाललेलं, आणि एकदम गप्प झाली. मला हाक मारली. म्हणाली, "गेल्या साली मृग निघाला आणि मग दोन-तीन दिवसांनी निर्जला एकादशी आली. औंदा एकादशी होऊन आठ दिवस झाले आणि आता मृग निघालाय. बरणी आण बघू इकडं."

मला काही कळेना, मृगाचा आणि बरणीचा काय संबंध. पण आणली. त्या दिवसाचा चिंचोका काढून झाला होता, उरलेले मोजायला लावले. ७३ भरले. मग ती बोटाच्या पेरांवर मोजायला लागली, मोठ्यानं, मी ऐकत होते. "आज ज्येष्ठ वद्य पंचमी. अवसेला दहा. आषाढाच्या तीस. श्रावणाच्या तीस. भादव्याच्या चार. चौऱ्याहत्तर तिथी, त्याचे दिवस ७३. तुझा हिशोब तेवढ्यापुरता बरोबर हाय." मी म्हटलं, बघा, बरोबर आहे ना. तर म्हणाली, "आणि धोंडा कुठं धरलीस?"

निखिल, खरं सांगते, मला घाम फुटला. कारण धोंडा येणार हे मला माहीत होतं. महिनाभर आम्ही तेच बोलतोय, दीदी आणि जावयांना कधी बोलवायचं, अनारशाचं पीठ कधी करायचं, जावयांना वाणात काय द्यायचं. भिंतीवर कॅलेंडर डिसेंबरपासून लटकतंय, त्यात १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण असं छापलंय. पण ते एका कप्प्यात आणि बरणी दुसऱ्या कप्प्यात. बरणी एकदा भरली की ती मला खरी वाटायला लागली, परत कॅलेंडर उलटून सप्टेंबरचं पान मी बघितलंच नाही. आणि तुला ऑगस्ट सांगून बसले.

मग मी तिला विचारलं की मृगावरून कसं कळलं, आणि तिनं जे सांगितलं ते तुला लिहितेय. मृग सूर्यावर चालतो, म्हणून इंग्रजी तारखेनं तो दरवर्षी ७-८ जूनलाच निघतो. आपल्या तिथी चंद्रावर चालतात, आणि चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, सूर्याला मात्र ३६५ लागतात. म्हणून सण दरवर्षी अकरा दिवस अलीकडं येतात, आणि तिच्या भाषेत सांगायचं तर मृग तिथीवर पुढं पुढं सरकतो. २०२१ ला मृग वैशाखाच्या शेवटाला निघाला होता, गेल्या वर्षी ज्येष्ठ शुद्ध अष्टमीला, यंदा ज्येष्ठ वद्य पंचमीला. असंच सरकू दिलं तर पुढच्या वर्षी तो आषाढात जाईल, आणि ज्येष्ठातला पाऊस आषाढात जायला लागला तर सणांचा शेतीशी मेळच राहणार नाही. म्हणून तीन वर्षांच्या आत-बाहेर एक महिना जास्तीचा घालून सगळं परत मागं ओढतात, तोच धोंडा. मृग ज्येष्ठाच्या वद्य पक्षात गेला की आज्जीला कळतं की धोंडा जवळ आला. तिला कॅलेंडर बघायलाच लागत नाही.

तो कुठल्या महिन्यात घालायचा हे मात्र तिच्या बोटांवर नाही, ते पंचांगवाले ठरवतात. ते मी कॅलेंडर घेऊन पप्पांबरोबर बसून बघितलं. सूर्य दर महिन्याला रास बदलतो, त्याला संक्रांत म्हणतात, जानेवारीतली तेवढी आपण तिळगूळ वाटून करतो पण संक्रांती वर्षाला बारा असतात. एका अवसेपासून दुसऱ्या अवसेपर्यंत संक्रांत आलीच नाही तर तो महिना अधिक. यंदा १७ जुलैच्या सोमवती अवसेच्या आत कर्क संक्रांत होऊन जाते, आणि सिंह संक्रांत येते १७ ऑगस्टला, पण पुढची अवस १६ ऑगस्टलाच संपते. एका दिवसानं हुकते बघ. मधला सगळा महिना संक्रांतीशिवाय राहिला म्हणून तो अधिक श्रावण, आणि खरा श्रावण त्याच्या नंतर. तुला आठवतं का, २०२० ला लॉकडाऊनमध्ये पितृपक्ष संपला तरी नवरात्र लगेच बसलं नाही, एक महिना थांबावं लागलं होतं, तेव्हा अधिक अश्विन होता. मला ते आठवत होतं तरी मी दरवर्षी अकरा दिवस कमी करत बसले.

धोंड्याचे तीस धरले तर चौऱ्याहत्तरच्या एकशेचार तिथी होतात, आणि ८ जूनपासून १९ सप्टेंबरपर्यंतचे दिवस मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजले तर १०३. तिच्या तिथी आणि माझ्या तारखा एका दिवसाच्या फरकानं जुळल्या, आणि तो एक दिवस का कमी तेही तिलाच माहीत होतं, तिथी दिवसापेक्षा थोडी आखूड असते म्हणून मध्येच एखादी गळते.

म्हणजे बरणीत ३० चिंचोके कमी. पूर्ण एक महिना.

आता मी तुला एक गोष्ट सांगते जी मी तिच्यासमोर बोलले आणि बोलायला नको होती. मी म्हटलं, आई, तो ऑगस्टला येतो म्हणतोय तर येऊ दे ना, तुम्हाला एक महिना आधी दिसेल. ती बराच वेळ बरणीकडं बघत बसली. तिला तू लवकर हवायस रे, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. पण म्हणाली, "दोन आठवड्यांची रजा हाय त्येला. ऑगस्टात येऊन गेला तर गणपतीला कोण? सासऱ्याच्या वेळेपासून घरच्या पोराच्या डोक्यावरनं गणपती आलाय. औंदा तरी त्येच्या डोक्यावरनं येऊ दे." आणि उठून स्वतः माळ्यावरची पिशवी काढायला सांगितली.

मग एक गोष्ट ठरवायची राहिली, बरणी नेमकी कुठल्या दिवशी संपली पाहिजे. यंदा तिथंही घोळ आहे. चतुर्थी १८ ला दुपारी लागते आणि १९ ला दुपारपर्यंत आहे, त्यामुळं आपल्या कालनिर्णयात १९ मंगळवार आहे आणि इकडं कर्नाटकाच्या सरकारी सुट्टीच्या यादीत १८ सोमवार. शेजारच्या काकू १८ ला बसवणार म्हणतात, आपण १९ ला. आज्जी म्हणाली भांडत बसू नका, पोरगं रविवारीच घरात पाहिजे, मग कुणाचाही खरा असू दे. रविवार म्हणजे १७ सप्टेंबर. ८ जूनपासून १७ सप्टेंबर १०१ दिवस, बरणीत होते ७३, म्हणून २८ घातले. एकेक करून तिनंच घातले, मी पुढं करायची आणि ती टाकायची. राहिलेले दोन तिनं पदराच्या गाठीत बांधलेत, गणपतीच्या दिवसापर्यंतचे म्हणून.

घालून झाल्यावर बरणी परत वर आली ना, ते मला बघवेना. नऊ महिने खाली जाताना बघितलेली बरणी. तिनं काही बोलून दाखवलं नाही, रात्री भाकरी मात्र अर्धीच खाल्ली. काल सकाळी पहिल्यासारखी होती, पप्पांना पावसावरून बोलत होती.

तर आता तू काय करायचं ते ऐक. तिकीट अशा हिशोबानं काढ की तू सांबऱ्याच्या विमानतळावर १७ सप्टेंबरला उतरशील, संध्याकाळचा दिवा लागायच्या आत. निघायची तारीख मला सांगू नकोस. टोरांटोहून तू १५ ला रात्री निघालास तर इथं पोचेपर्यंत १७ उजाडतो, आणि तू "१५ ला निघतोय" म्हणालास की आज्जी १५ धरून बसेल, परत दोन चिंचोके जास्त होतील. उतरायची तारीख सांग, तेवढीच. आणि तिकीट झाल्यावर मला नको, तिला फोन कर, आपल्याकडं संध्याकाळी सात वाजता, तुझ्याकडं सकाळचे साडेनऊ असतात, मीटिंग असली तरी दोन मिनिटं काढ. सुट्टी १७ ला मिळतच नसेल तर तेही आत्ताच सांग. बरणीत चिंचोके घालायचे किंवा काढायचे ते एकदाच करू, शेवटच्या आठवड्यात नको.

आज संध्याकाळचा काढून झाला. ९९ राहिलेत.

पप्पा विचारतात जाकीट नवीन घेतलंस का जुनंच वापरतोयस. जेवण वेळेवर करत जा.

तुझी
आई