मेंदी लावून टायफॉईड?

जिंतूर,
२२ नोव्हेंबर २०२५

चि. छकुली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ताईच्या लग्नासाठी क्लासला द्यायच्या रजेच्या अर्जाचा तू पाठवलेला फोटो मिळाला. आईनेही चष्मा लावून वाचला आणि "हिला टायफॉईड कधी झाला?" असं विचारलं. मी म्हणालो, १ डिसेंबरला व्हायचाय.

तुझ्या रूममेटने सांगितलं असेल की लग्नाचं कारण लिहिलं तर सुट्टी देत नाहीत, आजाराचं लिहिलं तर कुणी विचारत नाही. गेली बावीस वर्षं पंचायत समितीत मी आस्थापनेचं टेबल सांभाळतोय, रजेचे अर्ज पोत्याने पाहिलेत. आजाराच्या अर्जाचं असं असतं की तो कागद एकटा राहत नाही. त्याच्यामागे डॉक्टरची चिठ्ठी लागते, चिठ्ठीवर तारीख लागते, मग परत आल्यावर 'फिट' असल्याचा दाखला लागतो. आमच्याकडे एका गृहस्थांनी कावीळ लिहिली आणि त्याच आठवड्यात वरातीत नाचतानाचा त्यांचा व्हिडिओ साहेबांच्याच मोबाईलवर आला. आणि तू तर दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी काढून घेणार आहेस. ती उतरायला दहा-बारा दिवस जातात. ८ तारखेला त्या हातांनी सरांसमोर टायफॉईडची चिठ्ठी धरशील का?

तेव्हा खरं कारण लिही. मात्र 'बहिणीचे लग्न असल्यामुळे' एवढ्यावर थांबू नकोस. संचालक लगेच विचारतील की लग्न एका दिवसाचं, मग सात दिवस कशाला? तो प्रश्न त्यांनी विचारायच्या आधी अर्जातच मिटला पाहिजे. आपल्याकडे कारण आहे: आईचा हात प्लास्टरमध्ये आहे आणि ताई गेली की घरात हाताशी तूच. ३ तारखेला देवकार्य, ४ ला हळद, ५ ला लग्न, ६ ला सत्यनारायण. आधी एक दिवस तयारीचा, मागे-पुढे एकेक दिवस प्रवासाचा. हे एका वाक्यात बसतं. आईच्या हाताचं वर्णन मात्र करत बसू नकोस. आपण सहानुभूती मागत नाही, फक्त हिशेब देतोय.

आता मुद्द्याचं. तुझ्या अर्जात शेवटी 'तरी मला रजा मंजूर करावी ही नम्र विनंती' एवढंच आहे. अगं, क्लास म्हणजे काही नोकरी नव्हे, तिथे रजा खात्यावरून वजा होत नाही. तू सात दिवस नसशीलच, त्यांनी हो म्हटलं तरी आणि नाही म्हटलं तरी. त्यांच्याकडून तुला नेमकं काय हवंय ते मागायचं राहून गेलंय.

गेल्या महिन्यात तूच फोनवर सांगितलं होतंस की टेस्ट सिरीजची बॅच रविवारी होणाऱ्या शेवटच्या चार टेस्टच्या सरासरीवरून लावणार आहेत. ७ डिसेंबरची टेस्ट त्यातली चौथी, आणि तीच तुझी बुडतेय. आधीच्या तीन टेस्टमध्ये तुला ७२० पैकी ५२०, ५४८ आणि ५३६ मिळालेत. तिन्हींची सरासरी ५३५ च्या आसपास येते. पण कॉम्प्युटरवर बसलेल्या माणसाने चौथ्या रकान्यात शून्य भरलं, तर तीच सरासरी ४०१ वर येते. अभ्यास तेवढाच, मुलगी तीच, आणि बॅच मात्र खालची. तू अर्ज ज्यांच्या नावे लिहिलायस ते फिजिक्सचे सर कितीही चांगले असले तरी तो रकाना त्यांच्या हातात नाही. म्हणून अर्ज संचालकांच्या नावे द्यायचा, आणि 'गैरहजर' म्हणजे 'शून्य' नव्हे हे त्यात स्पष्ट मागायचं. शक्य असेल तर ती टेस्ट ८ तारखेला द्यायची तयारीही दाखवायची. बाकीच्या पोरांनी पेपर आधी पाहिलेला असेल, म्हणून तुझे गुण रँकसाठी धरू नका असं आपणच लिहायचं. असं आपण होऊन लिहिलं की समोरच्याची अर्धी शंका तिथेच मिटते.

मी एक मसुदा करून देतो. उतरवताना तुझ्या भाषेत उतरव. माझी भाषा सरकारी आहे, ती त्यांना लगेच कळेल.

प्रति,
मा. संचालक (क्लासचं पूर्ण नाव), लातूर
विषय: दि. १ ते ७ डिसेंबर २०२५ या काळातील अनुपस्थिती व ७ डिसेंबरच्या टेस्टबाबत
महोदय,
मी आपल्या नीट बॅचची विद्यार्थिनी (नाव, बॅच, रोल नंबर). माझ्या सख्ख्या बहिणीचे लग्न ५ डिसेंबरला जिंतूर येथे आहे. आईच्या हाताला फ्रॅक्चर असल्याने ३ ते ६ डिसेंबरच्या कार्यक्रमांसाठी व त्याआधीच्या तयारीसाठी मला घरी थांबणे आवश्यक आहे. मी सोमवार, ८ डिसेंबरला सकाळच्या पहिल्या तासाला हजर राहीन. १४ डिसेंबरपासूनच्या टेस्ट सिरीजचे सर्व पेपर मी देणार आहे.
७ डिसेंबरची टेस्ट मला ८ तारखेला डाऊट अवरमध्ये देऊ द्यावी. तिचे गुण रँकसाठी धरू नयेत. ते शक्य नसल्यास त्या टेस्टसमोर शून्याऐवजी 'गैरहजर' अशी नोंद करून सरासरी तीन टेस्टवर काढावी, ही विनंती.
आपली विश्वासू,
(तुझी सही, खाली पालकाची सही व मोबाईल नंबर)

बघ, कुठेही 'आठवडाभर' किंवा 'काही दिवस' असं नाही. दोन्ही टोकांच्या तारखा आहेत, आणि परत कधी व कितव्या तासाला येणार तेही आहे. त्या आठवड्यात रोटेशनल मोशनची उजळणी आहे म्हणालीस, तर त्या रोजच्या सरावप्रश्नांचे कागद मैत्रिणीकडून घे. ते अर्जात घालू नकोस. एका अर्जात दोनपेक्षा जास्त मागण्या झाल्या की वाचणारा सगळ्यात सोपी ती मान्य करतो आणि बाकीच्या विसरतो. निदान मी तरी तसंच करतो.

माझी सही करून कागद उद्या सकाळच्या एसटीने येणाऱ्या तुझ्या मामाबरोबर पाठवतोय, वर जागा कोरी ठेवलीय. सोमवारीच दे, म्हणजे त्यांच्या हातात पूर्ण आठवडा राहील. दोन प्रती ने आणि एकीवर पोच घे: तारीख, शिक्का, घेणाऱ्याची सही. काउंटरवरची बाई हसेल, हसू दे. १४ तारखेला यादी लागल्यावर तुझं नाव भलत्याच बॅचमध्ये दिसलं तर तोच कागद उपयोगाला येईल. ते टेस्ट घ्यायला नाही म्हणाले तर वाद घालू नकोस, पण 'गैरहजर'चं काय हे शांतपणे विचार आणि ज्यांनी उत्तर दिलं त्यांचं नाव पोचेच्या मागे लिहून ठेव.

हॉस्टेलच्या रेक्टरबाईंना वेगळा अर्ज लागेल. क्लासचा अर्ज त्यांना दाखवून भागत नाही, त्यांना गेटपास आणि मेसची नोंद हवी असते. त्या मला फोन करतीलच.

तुझे,
बाबा

ता. क. आई म्हणते, मेंदी कोपरापर्यंत नको, मनगटापर्यंत पुरे. हे तुम्ही दोघी ठरवा. येताना ताईचा शिवून आलेला ब्लाऊज त्या गंजगोलाईतल्या टेलरकडून आठवणीने घेऊन ये, पावती तुझ्याच पर्समध्ये आहे म्हणे.