लेझरनं नंबर जातो, पण रेल्वे इंजिनाची नोकरीही जाते

मा. संपादक,
स. न.

माझ्या पुतण्याला दोन्ही डोळ्यांना उणे दीडचा चष्मा होता. सहायक लोको पायलटची जाहिरात आली तेव्हा शहरातल्या एका दवाखान्यात कुणीतरी सांगितलं, ‘लेझर करून घे, नंबर शून्य होईल, मेडिकलला अडचण येणार नाही.’ भावानं सोयाबीनचे पैसे घातले. पोरगं दोन्ही लेखी परीक्षा पास झालं, अ‍ॅप्टिट्यूडही पास झालं. मेडिकलला तक्त्यावरची शेवटची ओळ त्यानं बिनचष्म्यानं वाचली, तरी अनफिट! बुबुळाच्या तपासणीत लेझर लपत नाही. पुढचा पडदा पातळ आणि मधे चपटा झालेला असतो.

मी स्वतः इंजिनावर नोकरी केली आहे, म्हणून सांगतो. या पदाची वैद्यकीय श्रेणी ए-१. दोन्ही डोळे चष्म्याविना ६/६ हवेत, आणि लॅसिक किंवा नंबर घालवणारी कुठलीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार या पदाला अपात्र, असं जाहिरातीतच छापलेलं असतं. सैन्यातल्या काही अधिकारी भरत्यांत अटींवर लेझर चालतं. तेच ऐकून पोरं रेल्वेचाही तसाच हिशेब धरतात. वर या पदाला मेडिकलमध्ये अनफिट ठरलं की रेल्वे त्याबदल्यात दुसरं पद देत नाही.

आणखी एक गोष्ट चष्मा नसलेल्या पोरांनाही माहीत नसते. ए-१ला फॉगिंग टेस्ट असते. डोळ्यापुढे अधिक दोनचं भिंग धरतात. निरोगी डोळ्याला तक्ता धूसर दिसायला हवा. त्या भिंगातूनही शेवटची ओळ स्वच्छ दिसली, तर डोळ्यात अधिकचा नंबर दडलेला आहे असं समजतात. विशीत डोळ्याचे स्नायू ताण देऊन तो नंबर झाकतात, म्हणून पोराला काही जाणवत नाही. वय वाढलं की ते बळ कमी होतं आणि सिग्नल अंधुक व्हायला लागतो. असा दडलेला नंबर डोळ्यांत थेंब टाकून तपासल्यावर कळतो, नुसता तक्ता वाचून कळत नाही.

पुतण्यानं डोळ्यांना हात लावला नसता, तर बी-१ श्रेणीचं ट्रॅक मेंटेनरचं पद होतं. तिथं चष्मा चालतो, चार नंबरपर्यंत. स्टेशन मास्तरचं पद ए-२, तिथं मात्र ६/९ बिनचष्म्याचंच लागतं.

लातूर, नांदेड, परभणीच्या अ‍ॅकॅडम्यांना माझी विनंती आहे. फी घेण्याआधी पोराला नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा, थेंब टाकून नंबर काढायला आणि रंगांचं पुस्तक दाखवायला सांगा. रंग ओळखण्यातला जन्मजात दोष कुठल्याच शस्त्रक्रियेनं जात नाही. तो पहिल्या आठवड्यात कळला, तर पोराची दोन वर्षं वाचतील. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनो, पोरगं ‘भरतीसाठी नंबर घालवायचाय’ म्हणालं, तर ऑपरेशनची तारीख देण्याआधी त्याच्या हातातली जाहिरात मागून घ्या.

एक निवृत्त लोको पायलट, पूर्णा (जि. परभणी)