मराठीतली तक्रार अर्ध्यात कापू नका

मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय,

तासगावात मी लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. जूनमध्ये जवळच्या गावचे एक द्राक्ष बागायतदार आण्णा आले. एका ऑनलाइन सेवेची २३६ रुपये फी खात्यातून कापली गेली होती, पावती मात्र निघाली नव्हती. मी विचारलं, "इंग्रजीत लिहू का?" ते म्हणाले, "नको. तिकडनं फोन आला तर मी काय बोलू?"

त्यांनी आधी स्वतः लिहिलं होतं, 'पैसे गेले, पावती नाही, कृपया लक्ष घालावे.' ती तक्रार 'माहिती अपुरी' म्हणून बंद झाली होती. शेरा चुकीचा नव्हता. हजारो व्यवहारांतून तो एक शोधायला त्यात काहीच नव्हतं. मग आम्ही तारीख, वेळ, रक्कम आणि बँकेच्या संदेशातला यूपीआयचा १२ अंकी क्रमांक लिहिला. पडद्यावर आलेले Transaction Failed हे शब्द जसेच्या तसे ठेवले, कारण तिथला माणूस नोंदींमध्ये तेच शब्द शोधणार. बाकी सगळं मराठीत.

तीही बंद झाली. 'मागणी नमूद नाही.' मागणी आम्ही शेवटी लिहिली होती, पण नोंदवलेली तक्रार उघडली तर शेवटच्या ओळीच गायब. रकान्याखाली मर्यादा लिहिली होती १००० अक्षरांची. संगणक मोजत होता बाइट. इंग्रजीचं एक अक्षर एका बाइटात मावतं, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त या वेगळ्या खुणा धरल्या जातात. नुसता 'तक्रार' हा शब्द घ्या. सहा खुणा, १८ बाइट. म्हणजे देवनागरीच्या जेमतेम ३३३ खुणा बसतात, आणि उरलेला मजकूर कुठलीही सूचना न देता कापला जातो.

आपल्या अर्जांची सवयही इथं नडते. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की' यातच बरीच जागा जाते आणि विनंती तळाला राहते. तिसऱ्या वेळी पहिलीच ओळ लिहिली, 'पावती द्यावी किंवा २३६ रुपये परत करावेत.' त्याखाली क्रमांक, वेळ आणि पडद्यावरचे शब्द. पाचव्या दिवशी पैसे परत आले.

आता आण्णांसारख्यांना मी मागणी वर लिहायला सांगतो. पण रकाना दुरुस्त करणं माझ्या हातात नाही. सरकारी सेवांच्या प्रत्येक तक्रार अर्जात मर्यादा बाइटांऐवजी खुणांमध्ये मोजायला लावा. मजकूर जास्त झाला, तर 'पाठवा' दाबण्याआधी मराठीत तसं सांगायला लावा. आणि सेवा सुरू करण्यापूर्वी जोडाक्षरांनी भरलेली लांब मराठी तक्रार पाठवून ती पलीकडे पूर्ण वाचता येते का, हे तपासून घ्या. काही ठिकाणी अख्खा मजकूर ???? होऊन पोचतो, तेही त्यातच कळेल.

आण्णांच्या परवानगीनं तिन्ही तक्रारींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

आपला,
तासगावचा एक अर्ज भरून देणारा