कांद्याचा भाव आदेशाने बसत नाही: केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

भाव चढला की निर्यात रोखायची, ही रीत सोडावी, एवढ्यासाठी हे पत्र. त्यामागचे गणित लासलगावसारख्या बाजार समितीच्या लिलावात रोज दिसते.

समजा, क्विंटलला 2,000 रुपये भाव असताना चाळीतला 18 हजार क्विंटल उन्हाळ कांदा बाजारात आला, पण त्या भावाने व्यापाऱ्यांना 10 हजारच हवा आहे. सकाळचे ट्रॅक्टर विकले जातात, नंतर बोली मंदावते. मागे उरलेला शेतकरी परतीचे भाडे वाचवायला शंभर-दोनशे कमी घेतो. भाव उतरला की काही जण चाळ उघडायची थांबतात आणि गिऱ्हाईक किलोऐवजी दोन किलो नेते. उलट 1,000 रुपये भाव असेल, तर आवक 10 हजार आणि मागणी 18 हजार. मग व्यापारी एकमेकांवर बोली चढवतात. दोन्हीकडून भाव 1,500 कडे सरकतो, कारण तिथे आवक आणि मागणी दोन्ही 14 हजार आहेत.

आता या 14 हजारांतली 3 हजार क्विंटलची निर्यात बंद करा. चाळीतला कांदा थांबू शकतो, म्हणून आवक घटते आणि भाव साधारण 1,310 वर थांबतो. पण डिसेंबरचा खरिपाचा लाल कांदा थांबत नाही. त्यात पाणी जास्त, साल पातळ. काही आठवड्यांत तो सडू लागतो. भाव पडला तरी 14 हजार क्विंटल येणारच, आणि सगळा खपायला भावाला 1,125 पर्यंत उतरावे लागते. बंदी तीच, घसरण दुप्पट.

8 डिसेंबर 2023 ची निर्यातबंदी नेमकी याच कांद्यावर आली. लागवड झाली तेव्हा तिचा मागमूसही नव्हता. तोटा खाल्लेला शेतकरी पुढच्या हंगामात क्षेत्र कमी करतो. रोपवाटिका ते काढणी पाच-साडेपाच महिने जातात, त्यामुळे पुढे टंचाई आली तर भाव कितीही चढला तरी नवा कांदा लगेच उगवत नाही. आजच्या स्वस्ताईची किंमत ग्राहक तेव्हा मोजतो.

साठा मर्यादेचेही तसेच. एप्रिलचा कांदा ऑक्टोबरपर्यंत पोचतो तो कुणीतरी साठवतो म्हणूनच. मोड, सड आणि वजनातली घट धरता तो धोका घेणाऱ्याला चार पैसे सुटले नाहीत, तर सगळा माल मे महिन्यातच बाजारात ओतला जाईल आणि सप्टेंबर कोरडा जाईल.

आपल्याकडे नाफेड आणि एनसीसीएफचा राखीव साठा आहे. एप्रिल-मेमध्ये आवक तुंबते तेव्हा लिलावात उतरून खरेदी करा, टंचाईत तोच कांदा मोठ्या शहरांत टप्प्याटप्प्याने सोडा. खरेदीचे आणि विक्रीचे भाव लागवडीपूर्वी जाहीर करा. निर्यातीचे धोरण बदलायचेच असेल, तर तेही रोपे टाकण्याआधी सांगा.

आपले,
नाशिक जिल्ह्यातील कांदा उत्पादक व बाजार अभ्यासक