‘सोनेरी क्षण’ या आपोआप येणाऱ्या चित्रफितीबाबत तक्रार

२१ जुलै २०२५

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : नको असलेले फोटो पुन्हा पुन्हा समोर येणे आणि ते थांबवण्याची अपुरी सोय

महोदय,

माझे वडील १६ जून २०२४ रोजी गेले. वर्षश्राद्ध तिथीने ५ जूनलाच झालं होतं. तुमचं फोटोंचं ॲप मात्र तारखेने चालतं. १६ जूनला सकाळी फोनवर सूचना आली, ‘एक वर्षापूर्वीचे सोनेरी क्षण’. उघडलं तर आयसीयूतला बाबांचा फोटो, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि मागे गिटारचं संगीत. ते फोटो मी आठवण म्हणून काढले नव्हते, काकांना कळवायला काढले होते.

सेटिंगमध्ये जाऊन आधी मी बाबांचा चेहरा लपवला. झालं उलटंच. त्यांच्या साठीच्या समारंभाचे हसरे फोटो आठवणींतून गेले आणि मास्कवाला तेवढा राहिला, कारण अर्धा चेहरा झाकलेला असल्याने ॲपने तो त्यांच्या नावाखाली धरलाच नव्हता. मग चेहरा परत दाखवून २ ते १६ जून २०२४ या तारखा लपवल्या. हे बरं चाललं, ९ जुलैपर्यंत. त्या दिवशी पुन्हा हॉस्पिटल! चुलतभावाने तिथेच काढलेला हा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला होता गेल्या वर्षी ९ जुलैला. व्हॉट्सॲपवरून येताना फोटोतली मूळ तारीख गळून पडते, आणि तुमचं ॲप तो फोनवर उतरला तो दिवस धरतं. फोटोची माहिती उघडून तारीख १४ जून केली, तेव्हा तो लपवलेल्या दिवसांत गेला. ही युक्ती तुमच्या मदत पानावर कुठेही नाही.

शेवटी वैतागून ‘आठवणी’ पूर्ण बंद केल्या. तरी होम स्क्रीनवरच्या विजेटमध्ये फोटो फिरतच होते. ते वेगळं काढावं लागलं, आणि सूचना वेगळ्या पानावरून बंद कराव्या लागल्या. एका गोष्टीला तीन कुलपं!

तुमच्या प्रतिनिधीने सुचवलं, “फोटो डिलीट करा.” का करू? ते बाबांचे शेवटचे फोटो आहेत. मला ते हवे आहेत, फक्त मी उघडेन तेव्हा.

२०१४ साली फेसबुकच्या वर्षअखेरच्या आढाव्यात अमेरिकेतल्या एरिक मेयर यांना त्याच वर्षी वारलेल्या मुलीचा फोटो नाचत्या चित्रांच्या चौकटीत दिसला होता, आणि त्यांनी त्यावर जाहीरपणे लिहिलं होतं. म्हणजे ‘हे लक्षात आलं नव्हतं’ असं आज कुणाला म्हणता येणार नाही.

माझी मागणी अशी, की माणूस आणि कालावधी एकत्र निवडून लपवता यावा. बाबा हवेत, ते पंधरा दिवस नकोत. तसंच चित्रफीत, विजेट आणि सूचना एकाच बटणाने बंद व्हाव्यात. कृपया लेखी उत्तर द्यावे. डिलीट करा, हे उत्तर मला मिळालेलं आहे.

आपली,
एक ग्राहक, सातारा